सतरा नंबर

फोटोत चिऱ्याची भिंत आणि खाली आलेलं कौलारू छप्पर दिसतंय ना, ती आमची शाळा. पायरीवर बसलेत ते गुरुजी.

पहाटे राजापूर रोडला उतरले. हे स्टेशन राजापूरपासून चांगलंच लांब. रिक्षावाल्याने आधी शहरात आणि मग वाडीत सोडलं. पट कमी होत होत शाळा दुसरीकडे गेली, आता वर्गात कुणीतरी सुक्या झावळ्या रचून ठेवल्यात. पडलेलं एक कौल उलटं करून पाहिलं. लहानपणी त्याच्या पोटावर उठवलेली अक्षरं आम्ही बोटाने गिरवायचो, ती अजून तशीच.

गुरुजी मूळचे घाटावरचे. बदली होऊन कोकणात आले ते निवृत्तीनंतरही इथेच राहिले. मी आलेय हे कुणीतरी सांगितलं असावं, काठी टेकत स्वतःच आले. माझ्याकडे बघत राहिले. मी नाव सांगणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. सतरा नंबर. मनीषा तुकाराम."

हजेरीत आधी मुलगे, मग मुली. मी मुलींत पाचवी, म्हणून सतरा. पण गुरुजींच्या लक्षात राहिले ते तांदळामुळे. १९९५ पासून सरकार प्राथमिक शाळेतल्या मुलांना महिन्याला ३ किलो धान्य द्यायला लागलं, आमच्याकडे तांदूळ यायचा. शिजवलेली खिचडी नंतरची गोष्ट. अट एकच, ८० टक्के हजेरी. शाळा २५ दिवस भरली तर २० दिवस हजर असायलाच हवं.

आणि जुलैत लावणी! दुसरीत असताना मी सलग पाच दिवस आईबरोबर चिखलात होते. महिन्याचा शेवटचा शनिवार, सकाळची शाळा. गुरुजी इरलं घेऊन थेट बांधावर आले. "वहिनी, पाच झाले. आज आली नाही तर पोरीचा तांदूळ गेला." खोटी हजेरी मांडणं त्यांना जमत नव्हतं, त्यापेक्षा चिखल तुडवत येणं सोपं वाटलं असणार. मी गुडघाभर चिखलाच्या पायांनी वर्गात बसले. त्या महिन्याचे ३ किलो मिळाले. आईने त्यातले मूठभर तांदूळ त्याच संध्याकाळी पेजेला घातले, उरलेले डब्यात.

"आई कशी आहे?" गुरुजींनी विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ ते काठीच्या टोकाने धुळीत रेघा ओढत राहिले.

मग एकदम म्हणाले, "नी दीर्घ काढतेस ना अजून? तुझ्या पाटीवर कायम ऱ्हस्व असायची."

"काढते की, गुरुजी."

रिक्षात बसल्यावर या फोटोखाली लिहून ठेवलेली ओळ पुन्हा पाहिली. 'गुरुजी आणि मनिषा'. खोडून नीट लिहिली.