पोटॅशियम भरूनही भरेना, तेव्हा मॅग्नेशियम तपासले

रक्तदाब आटोक्यात येत नसल्यामुळे डॉक्टरांनी माझी लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनची गोळी साडेबारावरून पंचवीस मिलिग्रॅम केली, आणि पुढच्या काही आठवड्यांत रात्री पोटरीत गोळे येऊ लागले. त्यानंतर धडधड सुरू झाली. ती जोरात पळाल्यावर होते तशी नव्हती. शांत पडलेले असताना एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि त्यामागचा ठोका छातीवर आदळल्यासारखा यायचा.

डॉक्टरांनी प्रथम विचारले की चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का, धडधडीच्या वेळी छातीत दुखते का, दम लागतो का. यांपैकी काही असते तर त्यांनी थेट रुग्णालयात पाठवले असते. तसे काही नसल्याने ईसीजी काढला. त्यात मधूनमधून वेळेआधी पडणारे ठोके दिसले आणि टी लहरी किंचित चपट्या होत्या. ही गोळी मूत्रपिंडांवाटे सोडियम आणि पाणी बाहेर काढते, पण त्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही वाहून जाते, हे सांगून त्यांनी रक्ततपासणी लिहून दिली.

पहिल्या अहवालात पोटॅशियम ४.४ आले. साधारण ३.५ ते ५ ही सामान्य मर्यादा असल्याने मला हायसे वाटले, पण डॉक्टरांचे बोट आकड्याखालच्या बारीक अक्षरांतल्या शेऱ्यावर गेले: नमुन्यातील तांबड्या पेशी फुटलेल्या होत्या. शरीरातले जवळजवळ सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते. त्यामुळे रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या की आतले पोटॅशियम नमुन्यात मिसळते आणि खरा कमी आकडाही सामान्य दिसू शकतो. घट्ट पट्टा बांधून मूठ वारंवार उघडझाप केल्यानेही आकडा फुगतो. दुसऱ्या वेळी रक्त घेणाऱ्या ताईंनी हात सैल ठेवायला सांगितला. या वेळी पोटॅशियम ३.० आले. क्रिएटिनिन सामान्य होते, आणि ते पाहिल्याशिवाय पोटॅशियम देणे धोक्याचे असते, कारण मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर दिलेले पोटॅशियम साठत जाते.

डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन पुन्हा साडेबारावर आणली आणि पोटॅशियम क्लोराइडचे पातळ औषध भरपूर पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्यायला सांगितले. ते चवीला अत्यंत वाईट असते. उपाशीपोटी किंवा तसेच घेतले तर पोटात जळजळते. मी ते नेमाने घेतले, तरी पुढच्या तपासणीत आकडा ३.१ च्या पुढे सरकला नाही आणि ठोके चुकणेही थांबले नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा टप्पा हाच. डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण न वाढवता मॅग्नेशियमची तपासणी करून घेतली आणि ते १.२ निघाले, त्या प्रयोगशाळेची खालची मर्यादा १.७ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर होती. मूत्रपिंडाच्या ज्या वाटांनी पोटॅशियम लघवीत उतरते, त्या वाटांना पेशींतले मॅग्नेशियम एरवी आवर घालत असते. मॅग्नेशियम घटले की तो आवर सुटतो, आणि वरून कितीही पोटॅशियम दिले तरी ते खालून निघून जाते. नेहमीच्या ‘इलेक्ट्रोलाइट’ तपासणीत बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइडच असतात. मॅग्नेशियम वेगळे लिहून द्यावे लागते.

कारण शोधताना त्यांनी माझ्या सर्व गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. त्यांत पित्तासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली पँटोप्राझोल होती. दीर्घकाळ घेतल्यास काही जणांमध्ये या गटातल्या गोळ्यांमुळे आतड्यातून मॅग्नेशियमचे शोषण कमी होते. म्हणजे एक गोळी आत येऊ देत नव्हती आणि दुसरी बाहेर घालवत होती. पित्ताची गोळी बदलली आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी सुरुवातीला जुलाब झाले, म्हणून मात्रा विभागून घ्यावी लागली. पोटॅशियमचे औषध तेवढेच ठेवूनही पुढच्या अहवालात पोटॅशियम ३.९ आणि मॅग्नेशियम १.८ आले. धडधड हळूहळू विरळ होत थांबली.

मात्र शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम एक टक्का रक्तात असते. म्हणून रक्तातला आकडा सुधारल्यावरही पेशींतला साठा भरला असेलच असे नाही, आणि गोळ्या आणखी काही काळ चालू राहिल्या.

पुढे रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन जोडले, तेव्हा पोटॅशियमचे औषध त्याच दिवशी बंद केले गेले, कारण ही गोळी पोटॅशियम उलट वाढवू शकते. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासले. दोन्ही ठीक होते. डाव्या पोटरीत मात्र अजूनही क्वचित गोळा येतो. आकडे सामान्य असताना आलेल्या त्या गोळ्याचे खापर डॉक्टर पोटॅशियमवर फोडत नाहीत, आणि मनाने पूरक गोळ्या घ्यायला त्यांनी स्पष्ट मनाई केली आहे.