सरांचा गाठींचा तक्ता

निमंत्रणासोबत सेलिंगच्या खोलीतल्या तक्त्याचा फोटोही आला आणि खरं सांगायचं तर बाकी सगळं बाजूलाच राहिलं, कारण तो गाठींचा तक्ता म्हणजे आपल्याला सेलिंग शिकवणारे सर. आज मी शिडाच्या बोटीवर नवीन मुलांना शिकवतो ते सगळं त्यांचंच.

फोटोत दोरीची रेघ जिथे तुटलेली दिसते तिथे ती दुसऱ्या दोरीखालून जाते. सर हातात दोरी देण्याआधी त्या रेघेवरून बोट फिरवायला लावायचे आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्याने म्हणायचं, वर की खाली. आता मुलं व्हिडिओ बघून हात चालवतात, पण चित्र वाचता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं चित्र बोलाईनचं. दोरीचा लांब भाग, ज्यावर ताण येणार, तो समोर धरायचा आणि मोकळं टोक त्याच्यावरून नेऊन छोटा फास करायचा. मग टोक त्या फासातून खालून वर काढायचं, लांब भागाच्या मागून वळवायचं आणि त्याच फासात परत खाली घालायचं, हवा तेवढा मोठा फास ठेवून आवळायचं. टोक दोरीच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी बाहेर राहू द्यायचं. पहिला फास करताना लांब भाग वर आला तर पुढचं सगळं बरोबर करूनही ओढल्यावर गाठ सुटते, म्हणून सर फक्त एकच ठिकाण तपासायचे, हेच. फोटो आरशासारखा उलटा आला असला तरी घाबरू नका, पूर्ण उलटी बांधलेली बोलाईनही तितकीच धरते, फक्त अर्धी सुलटी अर्धी उलटी करू नका.

शिडाच्या कोपऱ्याला शीट, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, बांधायला हीच गाठ, कारण कितीही ताण आला तरी ती आवळून बसत नाही, मागचा वळसा अंगठ्याने पुढे ढकलला की मोकळी होते. पण ताण असताना ती सोडता येत नाही. म्हणून बोट धक्क्याला बांधताना जिथे ओढ असतानाच दोर सोडावा लागेल तिथे सर खांबाला पूर्ण वेढा आणि दोन हाफ हिच मारायला लावत, वेढ्याच्या घर्षणाने ओढ पेलली जाते आणि दोर हळूहळू सोडता येतो.

बाकीच्या गाठी त्यांनी थोडक्यात उरकल्या. फिगर एट शीटच्या टोकाला, म्हणजे ती कप्पीतून निसटून जात नाही. क्लोव्ह हिच फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या, कठड्याला तात्पुरते टांगायला. आणि रीफ नॉट फक्त शीड कमी केल्यावर उरलेलं कापड गुंडाळून बांधायला. दोन दोर जोडायला ती कोणी वापरली की सर एक टोक बाजूला खेचून गाठ सगळ्यांसमोर उलटवून दाखवायचे, दुसरा दोर सरळ बाहेर निघून यायचा.