चाळणीवर राहिलेली वाळू वाळू नव्हतीच

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हरिपूरजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या आसपास, दोन ठिकाणचे नमुने घेतले होते. एक पात्रातल्या वाळूच्या पट्ट्यातला आणि दुसरा वर काठावरच्या मळीतला, काकांच्या शेताच्या कडेचा. कणांच्या आकारावरून या दोन जागी पाण्याचा वेग कसा होता ते सांगायचं होतं.

वाळूचा नमुना सरळ गेला. वाळवून, ढीग करून, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन घ्यायचे, असं करत शंभर ग्रॅमपर्यंत आणला. अर्ध्या-अर्ध्या फायच्या अंतराने 2 मिलिमीटरपासून 0.063 मिलिमीटरपर्यंतच्या चाळण्या एकावर एक रचल्या, खाली पॅन ठेवला आणि शेकरवर पंधरा मिनिटं चाळलं. फाय म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा दोनच्या पायाचा ऋण लॉगॅरिदम. त्यामुळे फाय वाढला की कण बारीक. 1 मिमी म्हणजे 0 फाय, 0.25 मिमी म्हणजे 2 फाय.

मळीचा नमुनाही मी तसाच चाळला, आणि तिथेच चुकले. ओव्हनमध्ये कडक वाळवून कुटला आणि चाळला. 0.5 मिमी आणि त्यावरच्या चाळण्यांवर मिळून 31 ग्रॅम राहिलं, पॅनमध्ये फक्त 12 ग्रॅम. आलेख काढला तर मध्यम वाळू, सॉर्टिंग वाईट, लहानमोठे कण एकत्र मिसळलेले. म्हणजे काठावरही जोराचा प्रवाह गेला, असं मी लिहूनही टाकलं.

काकांना सांगितलं तर ते मान्यच करेनात. "अगं, 2019 च्या पुरात इथं पाणी नुसतं उभं होतं. पाणी पळतंय तिथं वाळू, थांबलं तिथं गाळ. ह्यात वाळू कुठली?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना चाळणीवरचे कण दाखवले. त्यांनी एक दाणा नखाखाली दाबला, त्याचं पीठ झालं. काही दाणे काचेच्या बशीत पाण्यात टाकले तर दोन मिनिटांत विरघळल्यासारखे पसरले. तो चिकणमातीचा गोळा होता. आपल्याकडची माती बेसॉल्टची, तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर, आणि ती ओव्हनमध्ये वाळली की खड्यासारखी घट्ट होते. चाळणी आकार मोजते, दाणा आहे की ढेकूळ ते तिला कळत नाही. भिंगाखाली बघायला पाच मिनिटं लागली असती.

मग नव्याने सुरुवात केली. या वेळी न वाळवलेला नमुना घेतला आणि ओलावा किती ते कळण्यासाठी त्यातला थोडा भाग वेगळा काढून वाळवला. कोरड्या वजनाने 50 ग्रॅम होईल एवढा गाळ घेतला, सेंद्रिय अंश हायड्रोजन पेरॉक्साइडने काढला आणि रात्रभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात ठेवला, म्हणजे मातीचे कण एकमेकांना सोडतात. सकाळी 0.063 ची चाळणी धरून, खालून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुतलं. चाळणीवर उरलं ते वाळवून 8.5 ग्रॅम भरलं. म्हणजे 83 टक्के मळी सिल्ट आणि चिकणमाती. उरलेली वाळूही बहुतेक अगदी बारीक. 0.5 मिमीच्या वर फक्त 0.6 ग्रॅम होतं, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर त्यातलं बरंचसं फसफसलं. ते चुनखडे, म्हणजे मातीतच तयार झालेले. नदीने वाहून आणलेले म्हणून मोजायचे नाहीत. काकांचं म्हणणं खरं निघालं.

मग पात्रातल्या वाळूकडे निश्चिंतपणे वळले. तिच्या संचयी आलेखावरून 5 टक्क्यांना 0.2 फाय, 16 ला 0.8, 50 ला 1.5, 84 ला 2.3 आणि 95 ला 3.6 आलं. फोक आणि वॉर्ड यांच्या सॉर्टिंगच्या 1957 च्या सूत्रात घातलं:

```
(2.3 − 0.8)/4 + (3.6 − 0.2)/6.6 = 0.375 + 0.515 = 0.89
```

0.71 ते 1 म्हणजे मध्यम सॉर्टिंग. तिरपेपणा 0.15, म्हणजे शेपूट बारीक कणांकडे. नदीच्या वाळूत असं बऱ्याचदा दिसतं. पूर ओसरताना वेग कमी होतो, तेव्हा बारीक कण वाळूच्या फटींत अडकून राहतात. समुद्राच्या लाटा ते पुन्हा पुन्हा चाळून नेतात, म्हणून किनाऱ्याच्या वाळूत ती शेपूट सहसा नसते.

पण एवढ्या आकड्यांवरून "ही नदीच" असं मी लिहिलं नाही. सॉर्टिंग मुळात कुठला दगड झिजला यावरही ठरतं. शिवाय वाळूचा नमुना घेतला त्या खड्ड्यात 60 सेंटिमीटरपर्यंत तीन वेगळे थर दिसत होते. खोरं मारून सगळे एकत्र उचलले असते तर वेगवेगळ्या पुरांची सरमिसळ होऊन सॉर्टिंग उगाच वाईट आलं असतं. मी मधल्याच थरातलं सुरीने कापून घेतलं होतं. खालच्या थराच्या पिशव्या अजून कपाटात ओल्याच आहेत, त्या ओव्हनमध्ये जाणार नाहीत.