मॅरेथॉन रद्द झाली आणि करार संपवायचं पत्र माझ्याकडे आलं

सांगलीत आमचा हळद आणि मसाल्यांचा घरचा उद्योग आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी जाहिरात, हिशेब आणि पत्रव्यवहार ही तिन्ही खाती माझ्याच टेबलावर असतात. आम्ही पहिल्यांदाच एका अर्धमॅरेथॉनचं मुख्य प्रायोजकत्व घेतलं होतं. एकूण रक्कम 6 लाख ठरली होती, त्यातले 3 लाख, अधिक जीएसटी, आगाऊ दिले होते. शर्यतीला नऊ दिवस उरले असताना आयोजकांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला: ‘अपरिहार्य कारणास्तव स्पर्धा पुढे ढकलण्यात येत आहे. नवीन तारीख लवकरच कळवू.’

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पाकिटांवरच्या ग्राहक सेवा नंबरवर धावपटूंचे फोन सुरू झाले. प्रवेश शुल्क कधी परत मिळणार, असं ते आम्हाला विचारत होते. टी-शर्टवर नाव आमचंच होतं, त्यामुळे त्यांचं काही चुकत नव्हतं.

आप्पांनी, म्हणजे आमच्या मालकांनी सांगितलं, “आजच पत्र टाक. करार रद्दबातल, पैसे परत.” मी रागातच पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी आमच्या वकील मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी पत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “शर्यत नक्की का झाली नाही?” ते मला माहीतच नव्हतं.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर ठरणार होतं. करारातलं दैवी आपत्तीचं कलम असं होतं की पूर, साथ, दंगल किंवा सरकारी आदेश अशा, आयोजकांच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने स्पर्धा रद्द झाली, तर त्यांनी तोवर केलेला खर्च वजा करून उरलेली रक्कम परत करायची. स्पर्धा आयोजकांच्या चुकीमुळे झाली नाही, तर मात्र खर्चाची वजावट नाही. आयोजकांच्या म्हणण्यानुसार खर्च झाला होता 2 लाख 10 हजार. म्हणजे कारण कोणतं धरायचं यावरच मोठी रक्कम अडली होती.

मी ईमेलने तीनच गोष्टी विचारल्या: स्पर्धा रद्द झाली की पुढे ढकलली, कारण काय, आणि त्याचा कागद आहे का. उत्तरात त्यांनी पोलिसांचं पत्र जोडलं आणि लिहिलं की परवानगी नाकारली, म्हणजे हा सरकारी आदेशच झाला. मॅडमनी ते पत्र शब्द न् शब्द वाचलं. अर्ज शर्यतीच्या जेमतेम बारा दिवस आधी दाखल झाला होता. रस्ते बंद ठेवण्याचा आराखडा आणि रुग्णवाहिकांची व्यवस्था त्याला जोडलेली नव्हती, म्हणून अर्ज अपूर्ण ठरला होता. आणि करारात स्पष्ट लिहिलं होतं की सगळ्या परवानग्या वेळेत काढायची जबाबदारी आयोजकांची. नकार पोलिसांनी दिला हे खरं, पण तो ओढवून घेतला होता आयोजकांनी. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 56 मध्ये अशक्य झालेल्या कराराची तरतूद आहे, पण स्वतःच्या हाताने आणलेल्या अशक्यतेचा आधार त्या माणसाला घेता येत नाही, हे मॅडमनी मला तेव्हा समजावलं.

मग त्यांनी माझ्या मसुद्यातला ‘रद्दबातल’ हा शब्द खोडला. “रद्दबातल म्हणालात तर करार मुळातच नव्हता, असा अर्थ समोरचा काढू शकतो. तुम्ही तर पैसे त्याच करारातल्या परताव्याच्या कलमावर मागताय. ‘समाप्त करत आहोत’ असं लिहा, आणि कोणत्या कलमाखाली तेही लिहा.” आमच्या करारात चूक दुरुस्त करायला पंधरा दिवसांची मुदत देण्याची अट होती, पण दुरुस्त होऊच न शकणाऱ्या चुकीसाठी तात्काळ समाप्तीचं वेगळं कलम होतं. शर्यतीचा रविवार तोवर उलटून गेला होता, म्हणून आम्ही ते कलम घेतलं.

‘पुढे ढकलली’ यालाही उत्तर द्यावंच लागणार होतं. गप्प बसलो असतो तर नव्या तारखेला आमची मूक संमती होती, असं उद्या म्हणता आलं असतं. म्हणून पत्रातला मुख्य परिच्छेद असा झाला:

‘करारात स्पर्धेची तारीख निश्चित होती व ती बदलण्यास आमची लेखी संमती आवश्यक होती. अशी संमती आम्ही दिलेली नाही व देत नाही. परवानगी वेळेत न मिळवल्यामुळे स्पर्धा झाली नाही. सबब आम्ही हा करार पत्राच्या तारखेपासून समाप्त करत आहोत.’

रकमेवर मात्र आप्पांशी माझा वाद झाला. त्यांना पूर्ण 3 लाख हवे होते. पण शहरात सहा आठवडे आमच्या नावाचे फलक लागले होते, पत्रकार परिषदही झाली होती. कराराच्या परिशिष्टात या पूर्वप्रसिद्धीचं मूल्य एकूण रकमेच्या 10 टक्के धरलं होतं, म्हणजे 60 हजार. जे मिळालं ते मिळालं. ते आपणच वजा करून दाखवलं तर बाकीच्या मागणीला बोट लावायला जागा राहणार नाही, असं मी म्हटलं. आप्पांनी मान्य केलं, पण मनाविरुद्ध.

मग मागणी झाली 2,40,000 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी 43,200, एकूण 2,83,200. आयोजकांच्या हिशेबनिसाने मला फोन करून 6,000 कमी करायला सांगितलं. “मॅडम, आमच्या खात्यात 3,54,000 आलेच नाहीत, 3,48,000 आले.” हे 6,000 म्हणजे आम्ही कापलेला 2 टक्के टीडीएस. प्रायोजकत्व हे जाहिरातीचं काम धरून त्यावर तेव्हाच्या आयकर कायदा 1961 च्या कलम 194सी खाली कर कापायचा होता, 1995 सालच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रक क्रमांक 715 मध्ये तसं स्पष्ट म्हटलं होतं. तो पैसा त्यांच्याच पॅनवर जमा झाला होता. मी त्यांना पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा फॉर्म 26एएस उघडायला लावून फोनवरच हिशेब मांडला: 2,83,200 परत केल्यावर तुमच्या हातात 64,800 उरतात, त्यात 6,000 मिळवले की 70,800. म्हणजे 60 हजार आणि त्यावरचा जीएसटी, पैशाचाही फरक नाही. त्यांनी पुढे वाद घातला नाही. परताव्याइतकी क्रेडिट नोट त्यांनी द्यायची आणि आम्ही त्यातल्या जीएसटीवर घेतलेला इनपुट क्रेडिट उलटवायचा, हेही पत्रात लिहून ठेवलं होतं.

बाकीच्या मागण्या थोडक्यात होत्या. आमचं बोधचिन्ह तीन दिवसांत सगळीकडून काढायचं, शुल्क परत करण्याची जबाबदारी आयोजकांची असल्याचं धावपटूंना त्यांनी स्वतः कळवायचं, आणि धावपटूंच्या किटसाठी दिलेली हळद-दुधाची 2,500 पाकिटं परत करायची. व्हॉट्सअ‍ॅपवरची सूचना करारात धरलेली नव्हती, म्हणून पत्र ईमेलने आणि करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलं. पोच मिळाल्याची नोंद छापून फाइलला लावली.

बोधचिन्ह पाचव्या दिवशी निघालं आणि फोन ओसरले. पंधराव्या दिवशी दीड लाख जमा झाले, उरलेले 1,33,200 दोन महिन्यांनी. क्रेडिट नोट मात्र चार वेळा मागून घ्यावी लागली.

पाकिटं एका टेम्पोतून आली. पहिलं खोकं मी स्वतः उघडलं. ती कुठेतरी ओलीत ठेवली असावीत. खोक्याचा तळ हाताला मऊ लागत होता, आणि आतल्या पाकिटांच्या कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. एक फाडून पाहिलं तर भुकटीचा पिवळा गोळा झाला होता. चांगली 1,700 निघाली. मुदत संपायला चार महिने होते, ती आम्ही जवळच्या शाळेच्या क्रीडादिनाला दिली. उरलेल्या 800 पाकिटांची किंमत आम्हाला मागता आली नाही, कारण पाकिटं देताना मी साधी पोचपावतीही घेतली नव्हती आणि वस्तूंचं मूल्य करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता आमच्या प्रत्येक प्रायोजकत्वाच्या परिशिष्टात त्यासाठी एक रकाना असतो.