दहा कंस आणि चार गुण

बारावीच्या प्रीलिमचा गणिताचा पेपर मी काढला होता आणि त्यातल्या एका चार गुणांच्या प्रश्नावरून स्टाफरूममध्ये जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

पेपर काढणं म्हणजे बाहेरच्यांना वाटतं तसं पुस्तक उघडून गणितं उतरवणं नाही. निदान मी तरी तसं करत नाही. पण खरं सांगायचं तर ऐंशी गुणांतले सत्तर सवयीने निघतात. उरलेल्या दहांत आपली हौस भागवून घ्यायची. त्या वर्षी माझी हौस ही होती:

```
f(x) = (x-1)(x-2)(x-3) ... (x-10)
```

लॉगरिदमिक डिफरन्शिएशन वापरून f'(x) काढा, त्यावरून f'(0) आणि f'(3) काढा. ‘लॉगरिदमिक डिफरन्शिएशन वापरून’ हे शब्द माझेच. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

दहा कंसांना प्रॉडक्ट रूल लावायचा तर दहा पदं येतात आणि प्रत्येक पदात नऊ कंस. नव्वद कंस लिहिता लिहिता पोरांची पुरवणी संपते. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, प्रत्येक पदाचं डिफरन्शिएशन एका ओळीत होतं आणि हातात ही सुबक गोष्ट येते:

```
f'(x)/f(x) = 1/(x-1) + 1/(x-2) + ... + 1/(x-10)
```

दोन्ही बाजूंना f(x) ने गुणलं की झालं. शून्यापाशी सगळं छान चालतं. दहा उणे एकमेकांना मारतात, म्हणून f(0) म्हणजे नुसतं 10!, ३६,२८,८००. उजवीकडची बेरीज उणे (१ + १/२ + ... + १/१०). छेदांचा लसावि २५२०, बेरीज ७३८१/२५२०. गुणाकार केला की २५२० सुबक कटतो आणि उत्तर येतं −१,०६,२८,६४०. हा २५२० कटताना बघायला मला फार आवडतं, म्हणून तर दहा कंस ठेवले होते. सात ठेवले असते तर पोरांनी दुवा दिला असता.

इथे बरीच मुलं घसरली, आणि घसरणीची जागा ठरलेली. व्यस्तांची बेरीज करायच्या ऐवजी बेरजेचा व्यस्त. एक ते दहाची बेरीज ५५, म्हणून ३६,२८,८०० भागिले ५५, उत्तर −६५,९७८.१८. असं उत्तर लिहिणाऱ्याला मी नेहमी एकच विचारते. कंस सोडवले असते तर सहगुणक कसले आले असते? पूर्णांक. मग f'(0) म्हणजे काय? x चा सहगुणक. त्याला दशांश चिन्ह कुठून फुटलं? उत्तर चूक आहे हे गणित पुन्हा न करता कळतं, पण प्रीलिमच्या तिसऱ्या तासात हे आठवत नाही, हेही खरं.

आता f'(3). मी मॉडेल आन्सर लिहिलं होतं, त्यात ही पायरी दोन ओळींत उरकली होती. आम्ही पेपर वाटून घेतो. अर्धा गठ्ठा माझ्याकडे, अर्धा आमच्या सरांकडे. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी ज्येष्ठ. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज इंजिनिअर आहेत, पण मॉडेल आन्सरबाहेरचं काही दिसलं की त्यांचं लाल पेन आपोआप चालतं.

पेपर दाखवायच्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. “मॅडम, हे चुकलंय का?” तिने f'(0) बरोबर काढलं होतं, पण लॉग कुठेच घेतला नव्हता. आणि तीनसाठी एवढंच लिहिलं होतं: प्रॉडक्ट रूलच्या दहा पदांपैकी नऊ पदांत (x−3) आहे, x = 3 घातल्यावर ती नऊ शून्य. उरलेल्या एका पदात (3−1)(3−2) म्हणजे २, आणि (3−4) पासून (3−10) पर्यंत सात उणे संख्या, त्यांचा गुणाकार −7!. म्हणून f'(3) = −१०,०८०. सरांनी चारपैकी एक दिला होता. शेजारी शेरा, ‘पद्धत नाही’.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण त्याच गठ्ठ्यात एका मुलाने लॉग व्यवस्थित घेतला होता, सूत्र व्यवस्थित लिहिलं होतं आणि शेवटी, ‘f(3) = 0 म्हणून f'(3) = 0’. त्याला तीन.

मी सरांना म्हटलं, “सर, हिचं उत्तर बरोबर आहे.” ते म्हणाले, “अहो मॅडम, प्रश्न तुम्हीच काढलाय. लॉग वापरून म्हटलंय. आणि तसं बघायला गेलं तर तीनला लॉगच घेता येत नाही. 1/(x-3) म्हणजे एक भागिले शून्य. f'(3) अस्तित्वातच नाही असं लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण दिलेत.”

आणि कबूल करते, क्षणभर मलाही वाटलं, अरे, खरंच की.

मग भानावर आले. दहाव्या घाताची बहुपदी आहे, तिचा डेरिव्हेटिव्ह प्रत्येक ठिकाणी असतोच. नसतो तो लॉग. मी कॅल्क्युलेटर काढला आणि तीनऐवजी 3.001 घेतला. आता 1/(x-3) म्हणजे बरोब्बर १०००. बाकीच्या नऊ व्यस्तांची बेरीज साधारण −१.०९. म्हणजे एकूण ९९८.९१. आणि f(3.001) येतं सुमारे −१०.०६९. गुणाकार जवळपास −१०,०५८. 3.0001 घेतलं की −१०,०७८ च्या आसपास. बेरीज फुगत जाते, f(x) तेवढाच आकसत जातो आणि त्यांचा गुणाकार शांतपणे −१०,०८० कडे सरकतो. म्हणजे सरांचा ‘एक भागिले शून्य’ अर्धाच हिशोब होता. त्याच्यापुढे गुणायला उभा असलेला f(x) त्यांनी मोजलाच नव्हता. आणि त्या मुलाने उलट केलं होतं, f(x) चं शून्य धरलं आणि फुगलेली बेरीज सोडून दिली.

सर सहजी हार मानणारे नाहीत. “मग 3.5 ला काय कराल? तिथे सात कंस उणे, f उणे. उण्याचा लॉग कसा घेतला तुमच्या मॉडेल आन्सरमध्ये?” हा मात्र वर्मी लागला. कारण मी log f(x) असंच लिहिलं होतं. लिहायला हवं होतं log|f(x)|. log|u| चा डेरिव्हेटिव्ह u धन असो की उणे, 1/u हाच येतो, त्यामुळे सूत्र बदलत नाही. पण पायरी चुकीची ती चुकीचीच. दरवर्षी फळ्यावर मी ती तशीच लिहीत आले आहे, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मुलगी अजून दारातच. तिला विचारलं, “तू लॉग का नाही घेतलास?” म्हणाली, “मॅडम, नुसता प्रॉडक्ट रूल लिहून सगळ्याला f(x) ने भागलं तरी तेच येतं ना? पहिल्या पदात (x−1) नाही, म्हणून 1/(x-1). दुसऱ्यात (x−2) नाही, म्हणून 1/(x-2). मग लॉग मध्ये कशाला?”

बरोबर आहे तिचं. भागाकार करायला f(x) शून्य नसावा लागतो, एवढीच अट. लॉगला जी धन-उणेची भानगड आहे ती इथे नाहीच. आणि तीनपाशी तिने भागाकारच केला नाही, मूळच्या दहा पदांकडे परत गेली. माझ्या मॉडेल आन्सरमधल्या दोन ओळींपेक्षा हे स्वच्छ होतं.

सरांनी तिचे गुण वाढवले. चारपैकी तीन. चौथा नाही, कारण ‘प्रश्नात पद्धत दिली आहे’. मी भांडले नाही. शब्द माझे होते, काय भांडणार? त्या मुलाचे तीन मात्र कमी करायला लावले, त्याचे दोन झाले, आणि तो आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता. ‘अस्तित्वात नाही’वाल्यांचे पेपर तोवर परत गेले होते. ते गुण तसेच राहिले.

जाता जाता मुलगी म्हणाली, “मॅडम, ही बेरीज शून्य कुठे होते? एक आणि दोनच्या मध्ये, 1.5 ला?” मी फळ्यावर 1.5 घातलं. पहिलं पद +२, दुसरं −२, दोघं कटली. पण उरलेली आठही पदं उणे, त्यांची बेरीज −२.१६. शून्य नाही. एकच्या किंचित पुढे बेरीज प्रचंड धन असते, दोनच्या किंचित अलीकडे प्रचंड उणे आणि मधे ती सतत उतरत जाते. म्हणजे शून्य एकदाच होणार, पण मधोमध नाही. उजवीकडून नऊ जण ढकलतायत, डावीकडून एकटा एक. म्हणून ती जागा एककडे सरकलेली. “मग किती?” तास सुरू व्हायची घंटा झाली. मी म्हटलं, घरी काढून बघ.

त्या रात्री भाजी फोडणीला टाकून मी स्वतःच काढत बसले. 1.3 ला बेरीज −०.११, 1.29 ला +०.०४. भाजी खाली लागली. दुसऱ्या दिवशी ती वहीचं पान घेऊन आली, त्यावर १.२९ लिहिलेलं होतं आणि त्याखाली, पाच आणि सहाच्या मध्ये मात्र बरोब्बर 5.5, दोन्हीकडे पाच-पाच.

चौथ्या गुणाबद्दल तिने विचारलं नाही. यंदाच्या पेपरात तोच प्रश्न पुन्हा घालतेय. त्यातले ‘वापरून’वाले शब्द दोनदा खोडले आणि एकदा परत लिहिले. पेपर उद्या टायपिंगला जायचाय.