अनामिका, दोरा आणि सराफा

गच्चीवर कपडे वाळत घालताना गांधीलमाशी चावली, तीही नेमकी डाव्या हाताच्या अनामिकेला. त्याच क्षणी अंगठी काढायला हवी होती. मी मात्र चुना लावत बसले आणि तासाभरात अंगठी मांसात रुतली.

मग साबण लावून ओढाओढ केली. त्यानं झालं एवढंच की, सांध्यापाशी कातडीची वळी गोळा झाली आणि बोट आणखी सुजलं. जाऊबाईंनी हात धरला. "आधी नख दाब." नख पांढरं पडलं आणि सोडताच दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं. टोकाला स्पर्शही कळत होता. म्हणजे रक्त पोचत होतं आणि हाताशी थोडा वेळ होता. नख निळसर किंवा पांढरं राहिलं असतं, बोट बधिर झालं असतं, किंवा हाड मोडल्याची शंका असती, तर थेट डॉक्टरकडेच जायचं होतं.

दहा मिनिटं हात गार पाण्यात ठेवला, नंतर डोक्याच्या वर धरून बसले. मग दातांसाठीचा दोरा घेतला. त्याचं एक टोक केसांच्या पिनेनं अंगठीखालून तळहाताकडे काढलं. दुसऱ्या बाजूनं अंगठीला लागूनच सुरुवात करून मधला सांधा ओलांडेपर्यंत वेढे घातले आणि वर तेल चोळलं. तळहाताकडचं टोक नखाच्या दिशेनं ओढत उलगडायचं, की वेढा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते.

पहिल्यांदा माझे वेढे विरळ पडले. मधल्या फटींतून सूज वर आली आणि अंगठी अडली. दुसऱ्यांदा वेढे चिकटून घातले, अंगठी सांध्यापर्यंत आली सुद्धा. पण ठणका वाढला आणि नख जांभळं दिसू लागलं. जाऊबाईंनी दोरा लगेच सोडवला. मिनिटभरात रंग परतला. तिसरा प्रयत्न मी केला नाही.

आमच्या इंदुरात रामबागेतून सराफा बाजार जवळच. दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागायच्या आत पोचलो. सराफानं आधी नखच दाबून पाहिलं. "सुन्न होती तो मैं हाथ नहीं लगाता, पहले डॉक्टर," तो म्हणाला. मग अंगठीखाली पातळ पट्टी सरकवली. ती कातडीला पात्यापासून वाचवते. छोटी गोल करवत त्यानं तळहाताच्या बाजूनं फिरवली. सोनं मऊ, दोन-तीन मिनिटांत चीर पडली. दोन पकडींनी फाकवून अंगठी निघाली. स्टीलची असती तर पातं तापून चटका बसतो, म्हणून पाणी टाकत थांबत थांबत कापावं लागतं, आणि टंगस्टनची तर कापलीच जात नाही, पकडीनं दाबून फोडावी लागते.

चीर पडलेली अंगठी डबीत आहे. सूज पूर्ण उतरेपर्यंत तो माप घ्यायला तयार नाही. तेव्हाच झाळून देणार, तेही अर्धा नंबर मोठी करून.