गच्चीवरची टाकी: ८५ अंशांचं भूत आणि पुन्हा लिहिलेला प्रश्न

लेट्यूसबद्दल या वेळी फारसं काही नाही. पानं बरी आहेत, टोकं जळायची थांबली, पुढे. आजची नोंद टाकीतल्या तापमान-सेन्सरची आहे. खरं तर त्याच्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाची, कारण यंत्रापेक्षा प्रश्नच जास्त वेळा उघडून दुरुस्त केला.

मागच्या नोंदीतली मांडणी अशी: नोडएमसीयू हा छोटा वायफाय-बोर्ड, स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा तापमान-सेन्सर, रिलेवर बारा व्होल्टचा पंप. अधूनमधून पाण्याचं तापमान ८५ अंश दिसतं. भाच्याने जाणकारांना विचारलं होतं ते असं: "सेन्सर चुकीचं तापमान दाखवतोय. वायरिंग बरोबर आहे, लायब्ररी नवीन आहे. प्लीज हेल्प, अर्जंट." सोबत वायफाय, डिस्प्ले, सर्व्हरला आकडे पाठवणारं एमक्यूटीटी सगळं असलेला अख्खा कोड आणि वायरींच्या गुंत्याचा फोटो. "मामा, कोणी उत्तरच देत नाही," म्हणाला. देणार तरी काय? यावर एकच उत्तर शक्य आहे, ते म्हणजे "वायरिंग तपासा".

सुरुवात "चुकीचं" या शब्दापासून केली. या सेन्सरच्या चुका वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा असतो. −१२७ हा आकडा सेन्सरचा नव्हेच. सेन्सरने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर वाटेत बिघडलं की कोडातली लायब्ररी तो देते. ८५ मात्र सेन्सर स्वतः देतो. वीज मिळताच त्याच्या स्मृतीत हाच आकडा भरलेला असतो आणि पहिलं मोजमाप पुरं होईपर्यंत तो तिथेच राहतो. म्हणजे ८५ आलं तर सेन्सर जिवंत आहे, बोलतोय, पण मोजमाप पुरं होण्याआधी त्याची वीज गेली किंवा तो नव्याने सुरू झाला. आमच्या नोंदींमध्ये −१२७ एकदाही नव्हतं. ही निम्मी बातमी होती आणि प्रश्नात तिचा पत्ता नव्हता.

(ज्यांनी कोडात "८५ आलं तर सोडून दे" अशी ओळ घातली आहे त्यांनी ती काढावी. आलेख गुळगुळीत दिसतो, बिघाड तसाच राहतो.)

मग कोड कापायला घेतला. नियम साधा: एक गोष्ट काढायची, ८५ अजून येतं का पाहायचं, येत असेल तर ती गोष्ट प्रश्नातूनही बाद. वायफाय काढलं, ८५ आलं. डिस्प्ले काढला, आलं. पंप काढला आणि थांबलं. शेवटी उरलं ते एवढं:

```cpp
#include <OneWire.h>
#include <DallasTemperature.h>

OneWire bus(4);          // D2
DallasTemperature s(&bus);
DeviceAddress a;

void setup() {
  Serial.begin(115200);
  pinMode(5, OUTPUT);    // D1: relay
  s.begin();
  s.getAddress(a, 0);
}

void loop() {
  digitalWrite(5, (millis() / 30000) % 2);
  s.requestTemperatures();
  Serial.println(s.getTempC(a));
  delay(1000);
}
```

हा कोड कोणीही आपल्या बोर्डावर जसाच्या तसा चढवू शकतो. पासवर्ड नको, सर्व्हर नको. अर्धा मिनिट पंप चालू, अर्धा मिनिट बंद, म्हणजे दोष तीस सेकंदांच्या चक्राशी जोडलेला आहे की नाही ते समोरच्यालाही दिसतं. भाच्याला हे कापणं म्हणजे स्वतःच्या हाताने झाड छाटणं वाटत होतं, पण मूळ फाइल जागेवरच आहे म्हटल्यावर तयार झाला.

जोडणीचं वर्णन हे दुसरं दुखणं. "लाल वायर इकडे, पिवळी तिकडे" लिहून उपयोग नाही, कारण या नळीवाल्या सेन्सरच्या वायरींचे रंग प्रत्येक विक्रेता आपल्या मर्जीने ठरवतो. म्हणून रंग खोडले आणि टोकं लिहिली: सेन्सरचं व्हीडीडी म्हणजे वीज घेणारं टोक बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, जमीन जमिनीला, डेटा डी२ ला, डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये बोर्डाजवळ ४.७ किलोओहमचा रोध. फोटो काढून टाकला. गुंत्याचा फोटो पाहून कोणाला काही कळत नाही, फक्त कीव येते.

केबलचं लिहिताना भाचा म्हणाला, "सहा मीटर." मी विचारलं, अखंड? तर नाही. सेन्सरची मूळ केबल एक मीटर, मग टाकीशेजारच्या डबीत स्क्रूचं टर्मिनल, तिथून पाच मीटर नेटवर्कची केबल. अनोळखी माणसाने "सहा मीटर" वाचलं तर तो लांबीवरच बोलणार, रोध कमी करून बघा म्हणणार. जोड लिहिला तर जोडाबद्दल बोलेल. मग आणखी एक तपशील निघाला: ती केबल झिप टायने पंपाच्या नळीलाच बांधलेली आहे.

एवढं झाल्यावर प्रश्न असा उभा राहिला:

> पंप चालू असतानाच डीएस१८बी२० अधूनमधून ८५.०० देतो, पंप बंद असताना कधीच नाही, आणि −१२७ कधीच नाही
>
> नोडएमसीयू (ईएसपी८२६६), एकच सेन्सर, तीन वायरी, व्हीडीडी ३.३ व्होल्टला. केबल १ + ५ मीटर, मध्ये स्क्रू टर्मिनल. वरचा कोड जसाच्या तसा चालवल्यावर पंप चालू असलेल्या अर्ध्या मिनिटात असं दिसतं:
>
> `26.44  26.44  85.00  26.44  26.50`
>
> अपेक्षा: सगळे आकडे २६ च्या आसपास. रिले चालू पण पंपाची वायर काढलेली: ८५ येत नाही. पंप वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर, रिलेशिवाय: ८५ येतं. केबल पंपाच्या नळीला बांधलेली आहे.
>
> हे विजेच्या गडबडीमुळे होतंय की पंपाच्या थरथरण्याने जोड सुटतोय, हे मल्टिमीटरपेक्षा खात्रीने कसं ओळखू?

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा बदललं. आधी "काय चुकतंय?" होतं. त्यावर दहा जण दहा अंदाज फेकतात. "कसं ओळखू" म्हटलं की उत्तर म्हणून एखादी चाचणी येते, आणि ती करून पाहता येते. वेगळ्या अ‍ॅडॅप्टरची चाचणीही प्रश्न लिहिता लिहिताच सुचली. "काय काय करून पाहिलं" या परिच्छेदात रिले आणि पंप यांना वेगळं करणारं एकही वाक्य नव्हतं, ते लिहिता यावं म्हणून प्रयोग केला.

पाठवायच्या बेतात होतो आणि डेटाशीट पुन्हा उघडलं. "खात्रीने कसं ओळखू" याचं उत्तर सेन्सरच्या पोटातच आहे! 0xB4 ही आज्ञा दिली की तो सांगतो, मला व्हीडीडीची वीज मिळतेय की मी डेटा वायरीतून चोरून जगतोय. लायब्ररीत त्यासाठी `readPowerSupply` आहे: चोरून जगत असेल तर १, नाहीतर ०. व्हीडीडीची वायर सुटली तर सेन्सर लगेच मरत नाही, डेटा वायरीतून थोडी वीज घेऊन बोलत राहतो. पण मोजमापाला लागणारी वीज त्या वाटेने पुरत नाही, म्हणून ८५. −१२७ का नव्हतं त्याचाही उलगडा इथेच होतो: डेटा आणि जमीन या दोन वायरी शाबूत असाव्यात. म्हणून `println` च्या आधी दोन ओळी वाढवल्या:

```cpp
Serial.print(s.readPowerSupply(a));
Serial.print(' ');
```

०, ०, ०, आणि ८५ च्या काही ओळींपुढे १. सगळ्या ८५ पुढे नाही, कारण वायर क्षणभर सुटून विचारायच्या आत पुन्हा टेकलेली असू शकते. शून्य आल्याने जोड निर्दोष ठरत नाही. पण तीन वायरींच्या जोडणीत १ एकदा जरी दिसला तरी व्हीडीडीची वाट तुटतेय, असं मी धरून चाललो. झिप टाय कापल्यावर ८५ जवळजवळ थांबलं, त्याने अंदाज पक्का झाला.

डबी उघडली. नळीवाल्या सेन्सरच्या वायरींची टोकं कारखान्यातूनच कथिल लावून येतात, आणि ती तशीच स्क्रूखाली दाबलेली. कथिल मऊ असतं. दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि घट्ट पिळलेला स्क्रू काही आठवड्यांत आपोआप सैल होतो. वर पंपाची थरथर. कथिलाची टोकं छाटली, मोकळ्या तारांवर फेरूल, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, दाबल्या, पुन्हा पिळलं. फेरूल पुण्यात बुधवार पेठेत सुटे मिळतात, दाबायचा पाना मात्र स्वस्तातला घेऊ नका, तो फेरूल चेपतो पण तार पकडत नाही.

आणि तरीही. पंप चालू असतानाचं ८५ गेलं, पण पंप सुरू होण्याच्या क्षणाला एखादं येतंच, आणि त्याच्यापुढे कायम ०. आधी ते बाकीच्या गर्दीत दिसत नव्हतं. एका प्रश्नात दोन बिघाड राहत होते. भाचा म्हणतो जुन्याच प्रश्नाखाली जोडून टाकू. मी नाही म्हटलं. जुन्यातल्या निम्म्या गोष्टी आता खोट्या आहेत, नवीन वाचणाऱ्याला केबल कुठे बांधली होती हे कशाला वाचायला लावायचं?

नव्या प्रश्नाचा कच्चा खर्डा तयार आहे. सेन्सरला किमान ३.० व्होल्ट लागतात, ईएसपी८२६६ ला २.५ पर्यंत चालतं. पंप सुरू होताना ३.३ ची वीज क्षणभर त्या मधल्या पट्ट्यात उतरली तर सेन्सर नव्याने सुरू होईल आणि बोर्डाला पत्ताही लागणार नाही. पाठवण्याआधी दोन चाचण्या करणार: रिलेने सुरू होणारा पंप वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर, आणि सेन्सरचं व्हीडीडी पाच व्होल्टला, पण ४.७ किलोओहमचा रोध ३.३ लाच ठेवून, म्हणजे बोर्डाच्या पायावर पाच व्होल्ट जाणार नाहीत. सेन्सरच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आत्ताच लावायचा मोह होतोय, पण तो लावून ८५ गेलं तर विचारायला प्रश्नच उरणार नाही आणि कारणही कळणार नाही. तेव्हा कपॅसिटर शेवटी. शीर्षक तूर्त असं आहे: "पंप सुरू होण्याच्या क्षणी एकच ८५.००, `readPowerSupply` ० असतानाही, ३.३ व्होल्टमधली क्षणिक घट ऑसिलोस्कोपशिवाय कशी पकडावी?"